शुगर असलेल्याला म्युकर झाला तर: इंजेक्शन कोणतं, किती, आणि ऑपरेशन का

म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचं नाव काढलं की लोकांना २०२१ चा उन्हाळा आठवतो. कोरोना ओसरला तसा हा आजारही गेला, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो गेलेला नाही. कोरोनाच्या आधीही तो होता, आणि भारतात त्याचं सर्वांत मोठं कारण तेव्हाही आटोक्याबाहेर गेलेली शुगर हेच होतं. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना होतो. आपल्याकडे तो वावरात काम करणाऱ्या, औषधाच्या गोळ्या मध्येच सोडलेल्या माणसाला होतो.

हा लेख नाक, सायनस आणि डोळ्याच्या म्युकरबद्दल आहे, कारण शुगरवाल्यांना बहुतेक वेळा तोच होतो. घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि तालुक्याला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहितो आहे. औषधाचे आकडे दिले आहेत, पण ते समजून घेण्यासाठी आणि तपासून पाहण्यासाठी. या बुरशीवरचं अॅम्फोटेरिसिनचं इंजेक्शन गावात द्यायचं नसतं.

आधी एक रुग्ण समोर ठेवू

समजा, पांढरकवड्याकडचे ५२ वर्षांचे कास्तकार आहेत. वजन ६० किलो. शुगर आठेक वर्षांपासून. कापूस वेचणीच्या धांदलीत गोळ्या सुटल्या. आपण त्यांना काकाजी म्हणू. डाव्या बाजूची वरची दाढ ठणकायला लागली. दाढ काढली, तरी दुखणं थांबलं नाही आणि खड्डाही भरेना. मग डावा गाल सुजला. जवळच्या डॉक्टरांनी सूज उतरायला एक इंजेक्शन दिलं. दोन दिवस बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी काकू त्यांना घेऊन आल्या: "यायचा डोया उघडूनच नाही रायला, डॉक्टर साहेब." शुगर ४२०, आणि लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी जळाली की तयार होणारं आम्ल, भरपूर.

या कहाणीत नवल काही नाही. दाढ, गाल, सुजेचं इंजेक्शन, मग डोळा, हाच क्रम पुन्हापुन्हा दिसतो. ते सुजेचं इंजेक्शन पुष्कळदा स्टेरॉइडचं असतं. त्याने दुखणं दबतं, शुगर उसळते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

शुगरमध्येच हा रोग इतका का पसरतो

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात: शेणखतात, ओल्या कुटारात, कुजलेल्या पाल्यात, हवेत. आपण रोज ते नाकात ओढतो आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. शुगर बराच काळ वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि ज्या पेशी एरवी बीजाणू मारतात त्यांना ते जमत नाही. त्यातच कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी झालं की आणखी एक गोष्ट घडते. रक्तातलं लोह एका प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं. आम्ल वाढलं की ती पकड सुटते आणि मोकळं लोह उपलब्ध होतं. या बुरशीला वाढायला नेमकं तेच लागतं.

बुरशीची खरी खोड पुढे आहे. ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते आणि आत गुठळी करते. पाटात गाळ अडकला की पुढचं वावर सुकतं, आणि पाण्यासोबत सोडलेलं खतही तिथे पोचत नाही. इथे तसंच होतं. पुढचं मांस रक्ताविना मरतं आणि काळं पडतं. म्हणजे काळेपणा बुरशीचा नसतो, मेलेल्या मांसाचा असतो. काळं दिसेपर्यंत वाट पाहणं म्हणजे उशीर झालेला असणं. औषध आणि ऑपरेशन दोन्ही का लागतात, तेही इथेच उलगडतं: जिथे रक्त जात नाही तिथे शिरेतून दिलेलं औषधही जात नाही.

पहिली पायरी: संशय केव्हा घ्यायचा

शुगर असलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या एकाच बाजूला काही नवं सुरू झालं, तर संशय घ्यावा. एका बाजूचा गाल किंवा डोळ्यामागचा भाग दुखणं, गालाला मुंग्या येणं किंवा बधिरपणा, एकच नाकपुडी बंद होणं, तिच्यातून रक्ताळ किंवा तपकिरी स्राव येणं, वरचे दात अचानक हलणं, दाढेचा खड्डा न भरणं. यांत मी बधिरपणाला सर्वांत जास्त वजन देतो. साध्या सर्दी-सायनसमध्ये गाल दुखतो, पण बधिर होत नाही.

पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, नजर कमी होणं ही पुढची पायरी. गुंगी, बडबड, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं म्हणजे रोग मेंदूपर्यंत गेल्याची शक्यता.

घरच्यांनी एक गोष्ट जरूर करावी. टॉर्च लावून तोंड उघडून टाळू बघावी. टाळूवर काळा, राखाडी किंवा अगदी पांढराफटक डाग दिसला तर त्याच दिवशी निघायचं. मात्र टाळू चांगली दिसली म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला ती बहुधा चांगलीच असते.

आणखी एक: कित्येकांना आपल्याला शुगर आहे हेच या आजारात पहिल्यांदा कळतं. म्हणून "शुगर नाही" हे उत्तर ग्लुकोमीटर लावल्याशिवाय मान्य करू नये. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही.

दुसरी पायरी: तालुक्याला त्याच दिवशी काय करायचं

शुगर, लघवीतले कीटोन, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम. एवढ्या तपासण्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर बाजूच्या लॅबमध्ये होतात. कीटोन असतील तर सलाईन सुरू करायचं. इन्सुलिन शिरेतून तासाला साधारण ०.१ युनिट प्रति किलो, म्हणजे काकाजींना तासाला ६ युनिट. पण पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्यायचं, मग इन्सुलिन, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं आणि रक्तातलं आणखी घसरून हृदय गडबडू शकतं.

स्टेरॉइड द्यायचं नाही. फ्लुकोनॅझोलही देऊ नये; ते या बुरशीवर चालत नाही आणि "बुरशीचं औषध सुरू आहे" या समाधानात दिवस जातात. व्होरिकोनॅझोलचंही तेच.

मग पाठवणी. १०८ ला फोन करताना किंवा खासगी गाडी ठरवताना, जायचं कुठे हे आधी ठरवावं. नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, वर्ध्याजवळचं सेवाग्राम, सावंगी, किंवा आपल्या जिल्ह्याचं वैद्यकीय महाविद्यालय. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे पोचल्यावर दुसरीकडे पाठवलं, तर अख्खा दिवस जातो. म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरने फोन करून तीन प्रश्न विचारावेत: दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करणारे कान-नाक-घसा सर्जन आज आहेत का, लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन साठ्यात आहे का, आणि एमआरआय सुरू आहे का. चिठ्ठीवर "म्युकरचा संशय" हे शब्द स्पष्ट लिहावेत. नुसतं "चेहऱ्याला सूज" लिहिलं तर रुग्ण साध्या ओपीडीच्या रांगेत बसतो.

तिसरी पायरी: निदान

नाकात दुर्बीण घालून संशयित भागाचा तुकडा किंवा खरवड घेतात आणि केओएच नावाचं द्रावण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रुंद, फितीसारखे, जवळपास आडपडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे धागे दिसले तर म्युकर. हे उत्तर त्याच दिवशी मिळतं आणि उपचार सुरू करायला पुरेसं असतं. संशय दाट असेल तर तेवढ्यासाठीही इंजेक्शन अडवून ठेवत नाहीत.

इथे एक चूक वारंवार होते. काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून बघायची तपासणी, होऊच शकत नाही. तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मलिनमध्ये, पेशीतपासणीसाठी, दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, केओएच आणि कल्चरसाठी. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून म्युकर नाही असंही नव्हे. हे धागे नाजूक असतात, तुकडा कुटला तरी मरतात.

सीटी स्कॅनमध्ये हाड खाल्लेलं दिसतं, पण ते उशिरा. डोळा आणि मेंदूकडे रोग किती सरकला आहे हे एमआरआय चांगलं सांगतो. रंगद्रव्य देऊन केलेल्या एमआरआयमध्ये नाकातला जो भाग उजळायला हवा तो काळाच राहिला, तर तिथलं मांस मेलेलं आहे.

चौथी पायरी: अॅम्फोटेरिसिन, आणि लायपोसोमलच का

अॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. ते एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाला चिकटतं, जो बुरशीत असतो. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही एका कुळातले असल्याने औषध थोडंफार आपल्या पेशींनाही चिकटतं, आणि सर्वांत जास्त मार किडनीच्या नलिकांना बसतो. जुन्या, साध्या अॅम्फोटेरिसिनची हीच अडचण. त्यासोबत थंडी वाजून ताप भरणं, अंग थरथरणं हेही असतं.

लायपोसोमल प्रकारात हेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेलं असतं. रक्तातून फिरताना ते फारसं सुटत नाही, बुरशीपाशी पोचल्यावर सुटतं. त्यामुळे किडनीला कमी लागतं, आणि कमी लागतं म्हणून मात्रा मोठी देता येते. साधं औषध दिवसाला १ ते १.५ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर नेता येत नाही. लायपोसोमल ५ मि.ग्रॅ. प्रति किलो देतात, आणि मेंदूत रोग गेला असेल तर १० पर्यंत. शुगरवाल्याच्या किडनीला आधीच झीज लागलेली असते. साध्या औषधाने क्रिएटिनिन चढलं की डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा एखाद-दोन दिवस थांबवतात, आणि तेवढ्यात बुरशी पुढे सरकते. उपचार अखंड चालावा, हेच लायपोसोमल निवडण्यामागचं मुख्य कारण. म्युकरच्या २०१९ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही पहिली पसंती त्यालाच आहे.

मात्रा हळूहळू वाढवायची नसते. पहिल्या दिवसापासून पूर्ण. पहिल्यांदा देताना १ मि.ग्रॅ. इतकी चाचणी मात्रा देऊन अर्धा तास बघतात, आणि मग त्याच दिवशी उरलेली सगळी.

काकाजींचा हिशेब करू. ६० किलो गुणिले ५, म्हणजे दिवसाला ३०० मि.ग्रॅ. एका व्हायलमध्ये ५० मि.ग्रॅ., म्हणजे रोज ६ व्हायल. तीन आठवड्यांना १२६. एका व्हायलची किंमत ब्रँडनुसार बदलते, पण इतक्या व्हायलचा एकूण भार कोणत्याही कास्तकाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून दाखल होताच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला गाठावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं.

आता सर्वांत धोक्याची जागा. बाजारात अॅम्फोटेरिसिनचे चार प्रकार आहेत: साधं, लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स आणि लिपिड इमल्शन. २०२१ च्या टंचाईत वर्ध्यातल्या एका कारखान्यातही इमल्शन बनायला लागलं होतं. नाव सगळ्यांवर अॅम्फोटेरिसिनच, पण मात्रा वेगळी. साध्या औषधाचीही व्हायल ५० मि.ग्रॅ.ची असते. काकाजींना साधं द्यायचं झालं तर दिवसाला ६० मि.ग्रॅ., म्हणजे एका व्हायलहून थोडं जास्त. लायपोसोमल समजून कोणी साध्याच्याच सहा व्हायल लावल्या तर ती जीवघेणी मात्रा होते. म्हणून नातेवाइकांनी बाहेरून औषध आणताना बॉक्सवर "लायपोसोमल" छापलेलं आहे का ते बघावं, आणि वॉर्डातल्या सिस्टरला दाखवून विचारावं: "सिस्टर, हे चिठ्ठीत लिहिलं तेच आहे ना?" याचा कोणत्याही चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

आणताना उन्हाचंही बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि बसमधली पिशवी त्याहून तापते. बॉक्सवर लिहिलेलं तापमान पाळायचं, गार पिशवीत आणायचं, पण बर्फाला थेट टेकवायचं नाही. गोठलं तर औषध वाया.

द्यायची पद्धत अशी. प्रत्येक व्हायलमध्ये १२ मि.लि. निर्जंतुक पाणी घालून जोरात हलवतात, मग सोबतच्या फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. ३०० मि.ग्रॅ. साधारण १५० ते ३०० मि.लि. डेक्स्ट्रोजमध्ये, दोन तासांत. सलाईनमध्ये मिसळलं तर बहुतेक ब्रँडांत औषधाचे कण फाटून खाली बसतात. त्याच नळीतून आधी सलाईन गेलं असेल तर नळी डेक्स्ट्रोजने धुवायची. एखाद्या भारतीय ब्रँडची पद्धत वेगळी असते, तेव्हा आतला कागद वाचावाच. शुगरवाल्याला डेक्स्ट्रोज बघून घरचे घाबरतात. त्यातली साखर थोडी असते आणि इन्सुलिन तेवढं वाढवून भागतं. डेक्स्ट्रोज नको म्हणून सलाईनचा हट्ट धरू नये.

इंजेक्शनच्या आधी ५०० मि.लि. सलाईन वेगळं देतात, किडनी वाचवण्यासाठी. हृदय कमजोर असेल तर तेही जपून. सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत छाती आवळणं, कंबर दुखणं, चेहरा लाल होणं असं झालं तर लगेच सांगावं. थांबवून सावकाश पुन्हा सुरू केलं की बहुधा जमतं.

लायपोसोमल म्हणजे किडनीला काहीच होत नाही, असं नाही. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सुरुवातीला रोज, मग दिवसाआड बघावं लागतं. अॅम्फोटेरिसिन लघवीवाटे पोटॅशियम घालवतं आणि इन्सुलिन ते पेशींत ढकलतं, म्हणजे काकाजींचं पोटॅशियम दोन्हीकडून घटतं. पाय गळून गेल्यासारखे वाटले, छातीत धडधडलं, पोट फुगलं तर आधी हेच तपासायचं. पोटॅशियम भरून येत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असताना पोटॅशियम टिकत नाही.

आणि लायपोसोमल मिळालंच नाही तर? तर वाट बघत बसू नये. साधं अॅम्फोटेरिसिन सलाईनच्या पाठबळावर सुरू करावं आणि लायपोसोमल आलं की बदलावं. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात लक्षणांनंतर सहा किंवा जास्त दिवसांनी औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. शुगरवाल्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा तीच.

पाचवी पायरी: ऑपरेशन

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: "इंजेक्शननं बरं नाही होणार का? कापाकापी कायले?" उत्तर वर पाटाच्या पाण्यात आलंच आहे. मेलेल्या मांसात औषध पोचत नाही आणि बुरशी तिथे सुरक्षित राहते. ते काढलं की उरलेल्या जिवंत भागात औषध पोचतं.

केव्हा? कीटोन आणि पोटॅशियम भूल देण्याइतके सावरले की लगेच. हा हिशेब तासांचा आहे. "शुगर १५० झाल्यावर करू" म्हणून चार-पाच दिवस थांबणं चूक. इन्सुलिन, अॅम्फोटेरिसिन आणि ऑपरेशनची तयारी एकाच वेळी चालते.

किती? रोग नाक-सायनसपुरता असेल तर नाकातून दुर्बिणीने, चेहऱ्यावर काप न घेता होतं. सर्जनची खूण साधी असते: मेलेलं मांस कापलं तर रक्त येत नाही, म्हणून लाल, रक्त येणारी कड लागेपर्यंत काढत जायचं. काकाजींसारखा दाढेपाशी सुरू झालेला रोग असेल तर वरच्या जबड्याचं हाड आणि टाळूचा भागही काढावा लागू शकतो. टाळूला भोक पडलं की अन्न नाकात जातं, आवाज बदलतो. काही दिवस नाकातल्या नळीने अन्न देतात, आणि दंत विभागात टाळू झाकणारी प्लेट बनवतात. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. सर्जननी ऑपरेशनच्या आधीच दंत विभागाला बोलावलेलं बरं, म्हणजे तात्पुरती प्लेट लगेच बसते.

एका ऑपरेशनमध्ये सहसा भागत नाही, हे आधीच सांगून ठेवायला हवं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात. नवा काळा किंवा फिका भाग दिसला तर पुन्हा साफ करतात. आधी सांगितलेलं नसलं तर घरच्यांना वाटतं पहिलं ऑपरेशन बिघडलं, आणि ते रुग्ण उचलून घरी नेतात. यासारखं नुकसान दुसरं नाही.

डोळा काढण्याचा निर्णय सर्वांत अवघड. नजर गेली एवढ्यावरून डोळा काढत नाहीत, आणि नजर आहे एवढ्यावरून तो वाचतोच असंही नाही. डोळ्याच्या खोबणीत मांस मेलेलं आहे का, रोग मागे मेंदूकडे सरकतो आहे का, आणि डोळा काढून तो थांबण्याची शक्यता किती, हे नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा सर्जन आणि फिजिशियन मिळून ठरवतात. रोग खोबणीत थोडाच असेल तर डोळ्यामागे अॅम्फोटेरिसिन टोचून डोळा वाचवण्याचा प्रयत्नही करतात, पण ते शिरेतल्या औषधाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. रोग मेंदूत पसरल्यावर डोळा काढून फायदा होईलच असं नाही, आणि तसं असेल तर सर्जननी ते स्पष्ट सांगावं. गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

रोग सायनसपुरता असताना पकडला, औषध आणि ऑपरेशन दोन्ही मिळालं, तर बहुतेक रुग्ण वाचतात. मेंदूत गेल्यावर निम्मेही वाचतील याची खात्री नसते.

सहावी पायरी: सुट्टीनंतर

शिरेतलं अॅम्फोटेरिसिन साधारण तीन ते सहा आठवडे चालतं. मग गोळ्या. पोसाकोनॅझोलच्या १०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या असतात: पहिल्या दिवशी ३०० मि.ग्रॅ. दोनदा, मग रोज एकदा ३००, जेवणासोबत. कित्येक महिने. कधी थांबायचं ते दुर्बीण आणि स्कॅन बघून डॉक्टर ठरवतात; गोळ्यांची पाकिटं संपली म्हणून नाही.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. शुगरवाल्यांना कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिनची गोळी बहुतेक वेळा आधीपासून चालू असते. पोसाकोनॅझोलसोबत तिचं प्रमाण रक्तात खूप वाढतं आणि स्नायू झिजून किडनीला इजा होऊ शकते. सिम्व्हास्टॅटिनचंही तसंच. म्हणून सुट्टी घेताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओतावी आणि कोणती थांबवायची ते लिहून घ्यावं.

नाक रोज सलाईनने धुवायचं, पाणी उकळून गार केलेलं. दुर्बिणीची तपासणी आधी आठवड्याला, मग महिन्याला. इन्सुलिन सुट्टीनंतर बहुतेकांना काही महिने तरी लागतंच. ते पेलवेल असं वेळापत्रक दवाखान्यातच बसवून घ्यावं, आणि टोचायचं कसं ते घरातल्या दोघांना शिकवावं. वेचणीच्या दिवसांत एक वावरात असतो, तेव्हा दुसरा लागतो. नाकातली जखम भरेपर्यंत काकाजींनी शेणखत ओढू नये, कुटार झोडू नये.

गाल पुन्हा बधिर वाटला, नाकातून काळसर खपली आली किंवा डोळ्याभोवती नव्याने सूज दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दवाखान्यात जायचं, सुट्टीचा कागद आणि शेवटचा एमआरआय सोबत घेऊन.